आजीच्या तोंडचं, माझ्या हातचं

पुण्यातल्या एका छापखान्यात मी बरीच वर्षं मुद्रितं तपासली. मग तिथलं काम आटलं आणि मी भोरला परत आले. तेव्हापासून घरूनच काम करते. लोक लिहिलेलं आणून देतात, मी ते नीट करून देते. पतसंस्थांचे अहवाल, निवृत्त शिक्षकांच्या आठवणी, कुणाच्या वडिलांच्या वर्षश्राद्धाला वाटायची पुस्तिका. काम शांततेचं आहे. दुसऱ्याच्या वाक्यातला कर्ता आणि क्रियापद एकमेकांना भेटतात की नाही हे बघायचं आणि जिथं चुकामूक झाली असेल तिथं गाठ घालून द्यायची.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात एक मुलगी माझ्याकडे आली. वेल्ह्याकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात ती नर्स होती. मूळ घर डोंगरावरच्या धनगरवाड्यातलं. तिच्या आजीनं सांगितलेली एक गोष्ट तिनं मोबाईलवर रेकॉर्ड केली होती आणि मग ऐकून ऐकून टाइप करून काढली होती. त्या कागदांची चळत तिनं माझ्या टेबलावर ठेवली.

"जत्रेला आमची सगळी भावकी वर येते. तेव्हा याचं छोटं पुस्तक करून वाटायचंय," ती म्हणाली. "पण हे असं कुणी वाचणार नाही. मी वाचलं तर मलाच दम लागला. ऐकताना तर आम्ही हसून हसून पडलो होतो."

"मग काय करायचं म्हणतेस?"

"सरळ वाचता येईल असं करा, काकू. पण आजी त्यात राहिली पाहिजे."

असं सगळेच म्हणतात, आपापल्या शब्दांत. मी हो म्हटलं.

कागद वाचले. गोष्ट अशी होती. आजी तरुण सून असताना, डोंगरावर रस्ता नव्हता त्या काळात, तिची सासू (ती तिला आत्याबाई म्हणायची) तापानं आजारी पडली. चार माणसांनी तिला झोळीत घालून खाली नेलं. वेल्ह्याच्या दवाखान्यात न्यायचं होतं. खाली रस्त्याला लागल्यावर, गाडीची वाट बघताना सासू गेली. एवढंच घडलं होतं. पण कागदावर ते असं उतरलं होतं:

"मग काय, आत्याबाई म्हनल्या कोंबडी घी. म्या म्हनलं आवं कोंबडी कशाला. तर म्हनल्या डाक्टरकडं मोकळ्या हातानं जात्यात व्हय. मग काय, कोंबडी घेतली. पोरगं हितं (हात दाखवते) आन् कोंबडी हितं (दुसरा हात). आन् त्या झोळीत. झोळी मंजी घोंगडं आसतंय न्हवं का, ते बांबूला बांधायचं. म्होरं एक मानूस, मागं एक. दमलं की दुसरे दोगं. तुला काय ठावं, तुमच्या येळंला समदा रस्ता झाला. काय सांगत हुते म्या? हां, कोंबडी."

असं पानंच्या पानं. मध्येच शेजारच्या म्हशीची गोष्ट, मध्येच कुणाच्या तरी लग्नातलं भांडण, मध्येच "थांब, शेरडं कुटं गेली बघ" असं रेकॉर्डिंगच्या वेळचं बोलणं. कंसात "हसते", "सगळे हसतात", "खोकते". शब्दही एकसारखे नव्हते. एका ओळीत "न्हाई", पुढच्या ओळीत "नाही". मुलीला विचारलं तर म्हणाली, मोबाईलवर टाइप करताना तो स्वतःच शब्द सुचवतो आणि घाईत तेच पडतात.

मी माझ्या पद्धतीनं कामाला लागले. पाल्हाळ काढला. पुन्हा पुन्हा येणारं "मग काय" काढलं. घटना घडल्या त्या क्रमानं लावल्या. सासूचा मृत्यू कागदांवर पार शेवटी, कशाच्या तरी आड आला होता. वाचकाचा गोंधळ होऊ नये म्हणून तो मी पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट केला. मग सासूचा स्वभाव, मग आजारपण, मग प्रवास. माझी वाक्यं अशी होती:

"माझ्या सासूबाई करारी स्वभावाच्या होत्या. आजारपणातही त्यांनी धीर सोडला नव्हता. त्यांना घोंगडीच्या झोळीतून डोंगराखाली नेण्यात आले. दुर्दैवाने, वाहनाची वाट पाहत असतानाच त्यांची प्राणज्योत मालवली."

यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. मजकूर निम्म्याहून कमी झाला. मला ते काम बरं झालंसं वाटलं आणि मी ते पाठवून दिलं.

आधी मुलीच्या वडिलांचा फोन आला, म्हणजे आजीच्या मुलाचा. ते पुण्यात एका कंपनीत होते आणि आता गावी परतले होते. "ताई, फार छान. एकदम पुस्तकासारखं झालंय," ते म्हणाले. "आमच्या आईनं असं कधी बोलून दाखवलं नाही, पण तिला हेच म्हणायचं असणार."

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. ती बराच वेळ उपकेंद्रातल्या गर्दीबद्दल, पावसाबद्दल बोलली. मग म्हणाली, "काकू, तुम्ही एकदा वर याल का? आजीला तुम्हीच वाचून दाखवा. तिला वाचता येत नाही. मी वाचायला घेतलं, पण मला जमेना."

"का जमेना?"

"माहीत नाही. आजीसमोर ते तोंडातून बाहेरच पडेना."

मी गेले. भोरहून पुण्याच्या एसटीनं चेलाडी फाट्यापर्यंत, तिथून नसरापूरवरून वेल्ह्याला जाणाऱ्या गाडीत. भातं पोटरीला आली होती. वेल्ह्यात मुलगी स्कूटी घेऊन उभी होती. डांबरी रस्ता संपला तिथं तिनं स्कूटी एका घराच्या पडवीत लावली आणि पुढं आम्ही चढलो. आता तिथं कच्चा रस्ता आहे, उन्हाळ्यात जीप वर जाते, पण पावसात पायच.

आजी ओट्यावर बसून घेवडा सोलत होती. अंगानं किडकिडीत, कपाळावर गोंदलेलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "दमला बाई तुमी. पानी घ्या आदी, मग काय वाचायचं ते वाचा." तिचा मुलगा खुर्ची घेऊन आला. सून आतून चहाला विचारून गेली.

मी वाचायला लागले. आजी घेवडा सोलायची थांबली, हात मांडीवर घेतले आणि डोळे माझ्या तोंडाकडे लावून ऐकू लागली. कीर्तनाला बसलेली माणसं ऐकतात तशी. कुठं हसली नाही, कुठं थांबवलं नाही. प्राणज्योत मालवली तिथं तिनं हळूच मान हलवली. वाचून झालं.

"बाई चांगली हुती," आजी म्हणाली.

"कोण?" मी विचारलं.

"तुमी वाचलंत ती. बिचारीची सासू मेली."

 मग तिचा मुलगा हसून म्हणाला, "आये, आगं ती तूच की. आपल्या म्हातारीला झोळीतनं नेली, त्याचं हाय हे."

"व्हय?" आजीनं माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थट्टाही नव्हती. कुणाच्या तरी घरची हकीकत ऐकल्यावर राहिलेली एखादी गोष्ट विचारावी तसं तिनं विचारलं, "मग कोंबडीचं काय केलं त्यांनी?"

कोंबडी मी दवाखान्यासाठी भेट म्हणून एका वाक्यात आणली होती आणि पुढे विसरले होते. विसरले म्हणण्यापेक्षा, मृत्यूनंतर कोंबडीचा उल्लेख बरा दिसत नाही म्हणून गाळला होता.

"तुम्हीच सांगा," मी म्हटलं. "कोंबडीचं काय झालं?"

मग आजीनं पुन्हा सांगायला सुरुवात केली. मुलीनं मोबाईल काढून ओट्यावर ठेवला, पण मी त्याकडे बघत नव्हते. मी पहिल्यांदाच ते ऐकत होते. कागदावर जिथं "हात दाखवते" असं होतं, तिथं ती खरोखर एका काखेत पोर आणि दुसऱ्या काखेत कोंबडी धरून उतारावरून तिरकी चालत होती, बसल्या जागी. "मग काय" ती दर वेळी वेगळं म्हणत होती. एकदा हार मानल्यासारखं, एकदा चिडून, एकदा पुढं काही चालेना म्हणून. सासूचं बोलणं आलं की तिचा आवाज जाड व्हायचा आणि ती मान वर करून झोळीतून बघितल्यासारखी बघायची.

सासू मरणार हे तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. ऐकणारे सगळे घरचेच होते, सगळ्यांना ते ठाऊक होतं. तरी तिनं सांगितलं नाही, आणि तेवढा वेळ म्हातारी झोळीत जिवंत होती आणि सगळ्यांना शिव्या देत होती.

मधेच आजी म्हणाली, "तर आत्याबाई झोळीतनं वरडल्या, मुडद्यांनो, झोळी हाय ही, तिरडी न्हाई! दमानं चला!" सून दारात उभी राहून हसायला लागली.

मुलाला ते आवडलं नाही. "हे नको, आये," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "ताई, त्याच दिवशी ती गेली आणि तिरडीचं बोलणं पुस्तकात? आणि हे मुडद्यांनो वगैरे. भावकीत शिकलेली मुलं आहेत, पुण्या-मुंबईचे पाहुणे असतात. लोक म्हणतील, धनगरं अशीच बोलतात. ते 'म्या' आणि 'न्हाई' पण नको. तुम्ही केलंय तेच बरोबर आहे."

"बाबा, पण आजी तशीच बोलते," मुलगी म्हणाली.

"बोलायचं वेगळं, छापायचं वेगळं."

मला त्याचं म्हणणं समजत होतं. खेड्यातली भाषा छापली की काही जण कौतुकानं हसतात आणि काही नुसतेच हसतात. कुणाच्या आईवर कोणतं हसू ओढवेल हे लिहिणाऱ्याच्या हातात नसतं. मी तसं म्हणालेही. दोघं बापलेक बराच वेळ वाद घालत राहिले. मुलगी म्हणत होती, जसं आहे तसं छापा, एक अक्षर बदलू नका. तेही मला पटत नव्हतं. जसं आहे तसं तिनं स्वतः टाइप केलं होतं आणि वाचताना तिलाच दम लागला होता. हात, डोळे आणि आवाज काढून घेतला की बोलण्याचं जे उरतं ते कागदावर अडखळतं.

आजी घेवडा सोलत ऐकत होती. मग म्हणाली, "आरं, भांडता कशापायी? माज्या तोंडातलं काय बी करा. शाळेतल्यागत करा, मला काय त्याचं. पर तिच्या तोंडातलं काडू नका." जरा थांबून ती म्हणाली, "म्या तर हाय आजून बोलायला. ती कुटं बोलनार आता?"

 मी माझा मसुदा घडी घालून पिशवीत ठेवला. 

उतरताना मुलीनं दोन्ही रेकॉर्डिंग माझ्या मोबाईलवर पाठवली.

भोरला आल्यावर मी पहिला मसुदा बाजूला ठेवला. त्यातलं एकही वाक्य पुढं घेतलं नाही. टाइप केलेले कागद एका बाजूला आणि कानाला मोबाईल, असं ओळीओळीनं ऐकत गेले. टाइप करताना मुलीच्या मोबाईलनं शहाणे केलेले शब्द परत आणले, निदान सासूच्या बोलण्यातले. आजीनं दिलेली वाटणी साधी होती. सासू आणि इतर माणसं जे बोलली ते जसंच्या तसं. आजीचं निवेदन मात्र साध्या, सगळ्यांना वाचता येईल अशा मराठीत, पण तिच्या चालीनं.

ती चाल पकडायलाच जास्त वेळ गेला. आजी लांब वाक्य बोलत नाही. एक गोष्ट ठेवते, मग तिच्या शेजारी दुसरी ठेवते. "कारण", "त्यामुळे", "तथापि" असलं काही ती वापरत नाही. मी जिथं जिथं असं जोडून दिलं होतं तिथं तिथं विनोद मेला होता. "मग काय" मी सगळे ठेवले नाहीत. वाचताना ते डोळ्याला खुपतात. जिथं तिचा नाइलाज झाला होता तेवढेच ठेवले. हात दाखवते, डोळे मिचकावते, हे कंस काढले आणि हात जे सांगत होते ते शब्दांत घातलं. म्हशीची गोष्ट काढली. ती चांगली होती, पण तिचा झोळीशी काही संबंध नव्हता. लग्नातलं भांडण मात्र ठेवलं, कारण झोळी वाहणाऱ्या चौघांपैकी दोघांनी तेव्हापासून एकमेकांशी बोलणं टाकलं होतं आणि त्या दिवशी सासूच्या शिव्या खाता खाता ते बोलायला लागले.

पहिल्या मसुद्यात मी आणखी एक गोष्ट केली होती. सासू सारखी एकच वाक्य म्हणते, "पोराच्या डोस्क्यावर पदर घे." ते पुनरुक्ती म्हणून मी एकदाच ठेवलं होतं. आता ऐकताना कळलं की दर वेळी ते वेगळ्या ठिकाणी येतं. ती सगळी मी परत घेतली. शेवटी तो भाग असा झाला:

"उतार लागला तशी झोळी हलायला लागली. आत्याबाई आतून ओरडल्या, 'मुडद्यांनो, झोळी हाय ही, तिरडी न्हाई! दमानं चला!' चौघंही हसायला लागले. माणूस हसला की झोळी आणखी हलते. त्यावरून त्यांनी परत बोलणी खाल्ली.

माझ्या एका काखेत पोरगं, दुसऱ्या काखेत कोंबडी. कोंबडी डॉक्टरसाठी. मी आधीच म्हटलं होतं, कोंबडी कशाला? तर म्हणाल्या, 'डाक्टरकडं मोकळ्या हातानं जात्यात व्हय?' वर अटही घातली. 'बरं केलं तर द्यायची. न्हाई केलं तर माघारी आणायची.'

ऊन चढलं. झोळीतून आवाज आला, 'पोराच्या डोस्क्यावर पदर घे.' आता हात कुठला मोकळा? पदर दातात धरून पोरावर ओढला. दातात पदर, म्हणून मला उत्तर देता येईना. तर म्हणाल्या, 'आता बोलत बी न्हाई बघा ही.' मग काय, पदर सोडला आणि बोलले. तर म्हणाल्या, 'पोराच्या डोस्क्यावर पदर घे.'

खाली रस्त्याला लागलो. जांभळीखाली झोळी ठेवली. एक जण गाडी बघायला गेला. आत्याबाई म्हणाल्या, 'कोंबडीला पानी दावा.' मी ओढ्यावरून ओंजळीत पाणी आणलं. कोंबडी प्यायली. 'प्याली का?' 'प्याली.' मग जरा वेळानं म्हणाल्या, 'पोराच्या डोस्क्यावर पदर घे.' मी घेतला.

गाडी आली. तिला परत पाठवली.

कोंबडी माघारी आणली."

शेवटच्या ओळीवर मी दोन दिवस घालवले. आजी म्हणाली होती, "कोंबडी माघारी आणली म्या." नर्स मुलीला ते "म्या" हवं होतं. तिनं फोनवर पुन्हा पुन्हा सांगितलं. पण सगळं निवेदन साध्या भाषेत आणि तेवढाच एक शब्द वेगळा, म्हणजे वाचणाऱ्याचं लक्ष त्या शब्दावर गेलं असतं आणि कोंबडीवरून उडालं असतं. "मी" लिहिलं तर ते शाळेतल्या फळ्यावरचं वाटत होतं. शेवटी दोन्ही काढलं. आपल्या भाषेत कर्ता न सांगताही कळतो.

त्याच ठिकाणी टाइप केलेल्या कागदांवर कंसात "सगळे हसतात" असं होतं. पहिल्या खेपेला मला ते चमत्कारिक वाटलं होतं. मृत्यूच्या जागी हसतात कसे? रेकॉर्डिंग ऐकलं. लोक हसतात हे खरं. आजीही हसते, पण अगदी थोडी, आणि मग जीभ टाळूला लावून "च्" असा आवाज करते. तो आवाज लिहायची काही सोय नाही. मी लिहिला नाही. फक्त ती ओळ एकटी ठेवली आणि खाली जागा सोडली.

सासू गेली हे त्या पानावर कुठंच लिहिलेलं नाही. मुलाला फोन करून मी हे मुद्दाम सांगितलं, कारण आक्षेप आला तर त्याच्याकडूनच येणार होता.

"मग लोकांना कळेल का?" तो म्हणाला.

"अट माहीत आहे ना त्यांना. कळेल."

"तुम्ही या वाचायला," तो म्हणाला. "आमच्यानं नाही व्हायचं."

दसऱ्यानंतर मी पुन्हा वर गेले. पाऊस उघडला होता, कच्च्या रस्त्यावरून जीप अर्ध्यापर्यंत आली. या वेळी ओट्यावर जास्त माणसं होती. वाचायला लागले तसं आजीनं दुसऱ्याच ओळीला मला थांबवलं. "तांबडी न्हाई, कोंबडी कवडी हुती." मी तांबडी खोडून कवडी, म्हणजे ठिपक्याठिपक्यांची, असं केलं. मग पुन्हा थांबवलं. मग थांबवायची सोडून माझ्या पुढं पुढं बोलायला लागली. मी "मुडद्यांनो" म्हणायच्या आधी ती म्हणायची आणि बाकीचे हसायचे. माझा आवाज त्यात नुसता आधाराला होता.

"पोराच्या डोस्क्यावर पदर घे" पहिल्यांदा आलं तेव्हा तिचा मुलगा हसला. दुसऱ्यांदा आलं तेव्हाही. शेवटचं आलं तेव्हा तो उठला, ओट्याच्या कडेला गेला आणि खाली दरीकडे तोंड करून उभा राहिला. तेव्हाच माझ्या ध्यानात आलं, काखेतलं पोर तो होता. इतके दिवस मी "पोरगं" हा शब्द ऐकत होते, लिहीत होते, आणि ते पोरगं माझ्याशी फोनवर बोलत होतं. त्याच्या आजीची, म्हणजे झोळीतल्या म्हातारीची, त्याला काहीही आठवण नव्हती. ती त्याच्याबद्दल काही बोलली होती हेही त्याला ठाऊक नसावं. पहिल्या मसुद्यात तर ते पदराचं वाक्य एकदाच होतं आणि इतर सूचनांच्या गर्दीत होतं.

मी वाचून संपवलं. शेवटच्या ओळीला लोक हसले आणि लगेच थांबले. आजी हसली, मग "च्" केलं.

"लई दिस अंडी दिली तिनं," ती म्हणाली. "कापायचं कुनी नाव काडलं न्हाई."

"हे घालू का शेवटी?" मी विचारलं.

तिनं विचार केला. "नगं. ते आपलं घरातलं."

मी घातलं नाही. इथं लिहिते आहे, ते तिला आणि तिच्या नातीला विचारून.

मुलगा परत येऊन खुर्चीवर बसला. "तिरडीचं राहू द्या," एवढंच म्हणाला.

पुस्तिका भोरमध्येच छापली. मुखपृष्ठावर काय घालायचं यावर घरात पुन्हा वाद झाला. डोंगराचा फोटो, आजीचा फोटो, देवळाचा फोटो. शेवटी आजीचा घातला. त्यात ती कॅमेऱ्याकडे न बघता बाजूच्या शेरडाकडे बघते आहे.

जत्रेला मला बोलावलं होतं. देवळापुढच्या मांडवात भावकी बसली होती. पुण्या-मुंबईचे पाहुणे होते, शिकलेली मुलं होती. वाचायचं काम मुलानं स्वतःकडे घेतलं होतं. माईक लागला. त्याचा आवाज जाड आहे, आणि सासूची वाक्यं आली की तो आपोआप आणखी जाड व्हायचा. त्याला तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं. लोक हसले. पुण्याहून आलेली एक मुलगी मोबाईलवर ते टिपत होती आणि हसताना मोबाईल हलत होता.

संपल्यावर पुढच्या रांगेतला एक म्हातारा काठी टेकत उठला. हा आजीचा दीर, चौघांपैकी आता एकटाच उरलेला. "समदं बरुबर हाय," तो म्हणाला, "पर जांभळ न्हवती ती. उंबर हुता. झोळी म्या ठिवली, मला ठावं."

"जांभळच हुती," बायकांतून आजी म्हणाली.

"वयनी, उंबर हुता. म्या खांद्यावरनं उतारली."

"तुमी उतारली आन् बिडी वडायला गेला. सावलीत म्या बसले हुते."

मांडवात हशा पिकला. म्हातारा ऐकेना. उंबराखाली मुंग्या होत्या, म्हातारीला मुंग्या चावल्या, त्यावरून तिनं आपल्याला शिवी दिली, असं तो सांगू लागला. कुणीतरी शिवी काय दिली ते विचारलं. आजीनं मानच फिरवली.

मग तिनं शेजारच्या बाईच्या हातातली पुस्तिका घेतली आणि दिराच्या दिशेनं उंच धरली. ती उलटी धरली होती.

"पुस्तकात बगा की काय लिवलंय," ती म्हणाली. "छापलंय ते काय खोटं आसतंय व्हय?"

म्हाताऱ्यानं खिशात चष्मा शोधला, तो सापडला नाही. शेजारच्यानं पान काढून मोठ्यानं वाचलं, जांभळीखाली झोळी ठेवली. म्हातारा काठी टेकत खाली बसला.

"आसंल मग जांभळ," तो म्हणाला.

पंगतीची ताटं मांडायला सुरुवात झाली होती. मला आजीशेजारी बसवलं. जेवताना ती माझ्याकडे कलून हळू आवाजात म्हणाली, "मुंग्या हुत्या बरं का. मातुर झाड जांभळीचंच."